बुधवारचा देव

हर्षालीला बुधवारसाठी देव हवा होता.

बाकीच्या वारांची सोय झाली होती. सोमवार महादेवाकडे, मंगळवार गणपतीकडे, गुरुवार दत्ताकडे, शुक्रवार देवीकडे, शनिवार मारुतीकडे. रविवार खंडोबाने घेतला होता. एकटा बुधवार मोकळा होता आणि मोकळ्या वारी जेवावं लागत होतं.

हर्षाली तेरा वर्षांची, आठवीतली. तिची आत्या बायडाबाई ही सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीच्या भजनी मंडळाची अध्यक्ष. कॉलनीतलं देवाचं कुठलंही काम तिच्या हातून जात असल्यामुळे तीच भाचीला घेऊन कोपऱ्यावरच्या देवळात गुरुजींकडे गेली.

"बुधवारी कोणाचा उपास बसतो?" तिने विचारलं.

"बुधवार पांडुरंगाचा," गुरुजी म्हणाले. "पण त्यांना एकादशी पुरते. ते दर आठवड्याला मागत नाहीत."

"दुसरं कोनी?"

गुरुजींनी जरा विचार केला. "बुध आहे. ग्रह. लहान आहे, त्याच्याकडे फारसं कोणी जात नाही."

"चालेल," हर्षाली म्हणाली.

अशा रीतीने आठवडा भरला.

आता, उपासाने माणूस वाळतं असा कोणाचा समज असेल तर त्याने बायडाबाईचं मंडळ पाहावं. एकादशीला तिथे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी आणि बटाट्याचा चिवडा असे. द्वादशीला बायकांना श्वास घ्यायला त्रास व्हायचा. हर्षालीचा उपास निराळा होता. तिने आधी साबुदाणा सोडला. मग शेंगदाणे. मग दूध, कारण दुधात साय असते. दिवाळीनंतर तिचे सगळे देव मिळून एका काकडीवर आणि पाण्यावर आले होते.

खिचडी मात्र तीच करायची. मंडळातल्या बायकांना आग्रह करकरून वाढायची आणि त्या खात असताना समोर बसून बघायची. कोणी एक घास टाकला तरी तिला चैन पडत नसे.

"काय ते मन," बायका म्हणायच्या. "सोता उपाशी आन दुसऱ्याला तूप."

हर्षालीच्या आईला, मीनाला, हे मन बघून धास्ती वाटायची.

मीनाला बऱ्याच गोष्टी दिसत होत्या. मुलगी ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घालून बसते. हातातल्या बांगड्या कोपराच्या वर जाऊन थांबतात, आणि ती दर थोड्या वेळाने त्या वर नेऊन बघते, किती वर जातात ते. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका अडकतो. पाणीपुरीचं नाव काढलं की पूर्वी जिची चप्पल आधी पायात असायची, ती आता मैत्रिणी बोलवायला आल्या की झोपेचं सोंग घेते. संध्याकाळी अभ्यास म्हणून गच्चीवर जाते आणि तिथे पळते. रविवारी सीबीएसच्या बसस्टँडवर नेऊन वजनाच्या काट्यावर उभं करायला लावते. रुपयात वजनाचं तिकीट निघतं आणि मागे भविष्य छापलेलं असतं. एकदा मागे छापलं होतं, 'आपणांस लवकरच मोठा लाभ होईल.' हर्षाली तिथेच बाकावर बसून रडली.

मीनाने हे नवऱ्याला सांगितलं. रंगनाथ पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. परदेशी जाणारे घड तो मण्याच्या आकारावरून वेगळे करायचा.

"वयात येताना होतं असं," तो म्हणाला. "माल मध्ये जरा थांबतो, मग एकदम फुगवण घेतो."

"ती माल नाहीये."

"मी कुठे म्हणतो? आपली तर एक्स्ट्रा लार्ज आहे."

त्याच्या धंद्यात याहून वरचा शब्द नव्हता. एक्स्ट्रा लार्ज थेट हॉलंडला जायचं. मुलगी जन्मली तेव्हापासून तो तिला प्रेमाने हेच म्हणत होता, आणि मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाची व्हीसीडी सगळे मिळून बघत होते तेव्हाही म्हणाला होता. त्या व्हीसीडीत हर्षाली वरातीत नाचत होती. बायडाबाईचा दीर सहादू याने रिमोट घेऊन ते नाचणं मागे नेलं, पुन्हा लावलं, मग सावकाश लावलं. सावकाश लावल्यावर सगळंच जास्त हलतं. नवरदेवाचे मामाही हलत होते, पण सगळे हर्षालीकडे बघून हसले. सहादू म्हणाला, "कपाट नाचतंय का काय." हर्षालीही हसली. आदल्याच महिन्यात पाळी सुरू झाली होती, अंगाला अंग नवं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पहिला उपास त्याच दिवशी धरला.

शाळेच्या पालकसभेत वर्गशिक्षिका मीनाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हर्षालीचा डबा रोज मैना खाते."

"मैना?"

"शेजारची. मैनाचा युनिफॉर्म आता होत नाही. मैनाच्या आईची तक्रार आहे, तुमच्या पोळ्यांना तूप फार असतं."

शिक्षिका एवढंच सांगून थांबल्या नाहीत. "पूर्वी चूक झाली की खोडरबर मागायची," त्या म्हणाल्या. "आता अख्खं पान फाडते. खेळाच्या तासाला चक्कर येते तरी बसत नाही. एकदा डॉक्टरला दाखवा."

मीनाने घरी येऊन हे सांगितलं. बायडाबाईने त्यातलं डबा वाटणं तेवढं घेतलं आणि कॉलनीभर सांगितलं.

नोव्हेंबरात मीनाने तिला कॉलनीतल्या डॉ. मोहिनी शेवाळे यांच्याकडे नेलं होतं. तक्रार केस गळण्याची आणि पोट साफ न होण्याची होती. त्या दिवशी दवाखान्यात तापाची साथ बसलेली. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या, इसबगोल आणि भूक लागण्याचं टॉनिक दिलं. हर्षालीने गोळ्या घेतल्या. टॉनिक गोड होतं म्हणून मैनाला दिलं.

जानेवारीत गोष्ट लासलगावला पोचली. ती सहादूनेच पोचवली. तो कांद्याचा व्यापारी. एका सकाळी तो वहिनीला, बायडाबाईला, भेटायला मीनाच्या घरी आला असताना हर्षालीने समोर ठेवलेलं ताक बाजूला सारलं. त्याच दुपारी लिलावात कांदा चढला. पुढच्या वेळी तिने मीनाच्या धाकाने चार घोट घेतले, तर कांदा पडला. दोन वेळा झालेली गोष्ट कांद्याच्या बाजारात परंपरा मानली जाते.

मग गाड्या यायला लागल्या. सकाळी नऊच्या आधी जिन्यात चपलांचा ढीग लागे. ज्यांचा कांदा साठवणीच्या चाळीत पडून होता त्यांना हर्षालीने काही खाऊ नये असं वाटे, आणि ते लांबून नमस्कार करून बसत. ज्यांना खरेदी करायची होती ते पेढे आणत.

"खा ना ताई, अर्धा तरी."

"तिचा बुधवार आहे," दुसरा पक्ष म्हणे. "कशाला पोरीचं व्रत मोडता?"

"तुमची चाळ भरलीय म्हनून बोलता."

"आन तुमची रिकामी हाय म्हनून पेढं."

मीना चहा देताना दारात उभी राहून म्हणाली, "ती आजारी आहे." हे कोणीच ऐकलं नाही, कारण या वाक्याने कांद्याला काय होतं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत मंडळाने हर्षालीचा सत्कार ठरवला. शनिवारी संध्याकाळी, कॉलनीच्या हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, बँड. लासलगावहून दोन ट्रक माणूस येणार होतं. सत्कारापर्यंत हर्षाली पाणीही घेणार नाही असं बायडाबाईने जाहीर करून टाकलं. हर्षालीने नाही म्हटलं नाही. पाण्यानेही काटा थोडा सरकतो.

एकच अडचण होती. वार्ताहर येणार होता आणि त्याने म्हटलं होतं, मुलगी इतके महिने न जेवता ठणठणीत आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तर फोटो मोठा लावता येईल. म्हणून शनिवारी सकाळी बायडाबाई भाचीला घेऊन डॉ. शेवाळेंच्या दवाखान्यात गेली. मीना न बोलवता मागून गेली. महिनाभर ती जिथे नेण्यासाठी विनवत होती, तिथे मुलगी नव्या साडीतल्या आत्याबरोबर स्वतःच्या पायांनी चालली होती.

"ठणठणीत हाय असं लिहायचं," बायडाबाई खुर्चीत बसत म्हणाली. "सही जरा मोठी करा, दिसली पायजे."

डॉ. शेवाळेंनी हर्षालीकडे पाहिलं. मग बराच वेळ पाहिलं.

"काट्यावर उभी राहा बाळ."

काटा नोव्हेंबरपेक्षा एक किलो वर गेला. बायडाबाई मीनाकडे बघून हसली. डॉक्टरांनी मुलीला उतरायला सांगितलं. उतरताना ठण्ण असा आवाज झाला आणि हर्षालीच्या स्वेटरच्या खिशातून एक लोखंडी वजन फरशीवर पडलं. सरकारी शिक्क्याचं, दोन किलोचं. दुसऱ्या खिशातही तसंच एक होतं. सहादूकाकाच्या गाडीतून घेतलेलं.

डॉक्टरांनी दोन्ही वजनं उचलून टेबलावर ठेवली, कागद उडू नयेत म्हणून ठेवावीत तशी.

"तुम्ही दोघी बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. "मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"देवाचं मी सांगते ना," बायडाबाई म्हणाली.

"देवाचं नंतर."

दार लागलं. हर्षाली हात मांडीखाली घेऊन बसली होती. हात गार पडले होते, नखं निळसर. डॉक्टरांनी रागवायच्या सुरात काही विचारलं नाही. झोप लागते का विचारलं. उठताना डोळ्यापुढे अंधार येतो का विचारलं. उलटी काढतेस का, जुलाबाच्या गोळ्या घेतेस का, हे त्यांनी भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं.

"नाही. उलटी नाही जमत."

"पाळी?"

"सप्टेंबरनंतर नाही. आत्या म्हणते चांगलंय. पूजेत खंड नाही पडत."

"हे सगळं संपावं, मरून जावं, असं वाटतं कधी?"

हर्षालीने मान हलवली. "मरायचं नाहीये. फक्त कमी व्हायचंय."

"आणि समजा दोन किलो वाढले तर?"

मुलगी पहिल्यांदा घाबरलेली दिसली. डॉक्टरांनी सुई दाखवली असती तरी ती इतकी घाबरली नसती.

"वाढणार नाहीत."

"समजा."

"मग मी बाहेरच येणार नाही. घराच्या. सगळ्यांना दिसेल." तिने स्वेटर गुडघ्यांवर ओढला. "पोटात कावळे ओरडतात, तेव्हाच बरं वाटतं. खाल्लं की डोक्यात ते नाचणं सुरू होतं, हळूहळू. मीच रिमोट दाबल्यासारखं."

"आणि हे सगळे देव?"

"देवांना यातलं काही माहीत नाही," हर्षाली म्हणाली. "त्यांचं नाव घेतलं की कोणी जेव म्हणत नाही."

डॉक्टरांनी तिला आडवं झोपवून नाडी मोजली. पूर्ण मिनिटभर, मग खात्रीसाठी पुन्हा. मिनिटाला शेहेचाळीस. रक्तदाब घेतला. मग उभं करून पुन्हा घेतला, तर तो एकदम खाली आला आणि नाडी धावायला लागली. पाठीवर, दंडावर बारीक मऊ लव उगवली होती. खरं वजन, लोखंड वजा करून, जूनमधल्या शाळेच्या तपासणीपेक्षा दहा किलोंनी कमी. आठ महिन्यांपूर्वीच्या हर्षालीचा जवळपास पाचवा भाग गेला होता. पोरीची उंची मात्र वाढली होती.

"मी हे तुझ्या आईला सांगणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गुपित ठेवण्यातलं हे नाही. पण रिमोटचं मी नाही सांगणार. ते तुला वाटलं तर तू सांग."

दार उघडलं.

"सर्टिफिकेट मिळणार नाही," त्या बायडाबाईला म्हणाल्या. "हिला आज हॉस्पिटलला न्यायचंय. आत्ता."

"कार्यक्रम संध्याकाळी हाय."

"हृदय मंद चाललंय. उभी राहिली की रक्तदाब पडतो. त्यात आज पाणीही नाही. कार्यक्रमात ही स्टेजवर पडू शकते, आणि पडलेली उठेलच असं मी सांगू शकत नाही."

"उद्या नेऊ मग."

"उद्याची वाट बघायची वेळ गेली." त्यांनी खुर्ची मीनाजवळ ओढली. "ताई, याला आजार म्हणतात. व्रत नाही आणि नखराही नाही. हिची भूक मेलेली नाही, हिला खाण्याची भीती बसलीय. डबा वाटला म्हणून कोणी आजारी नसतं. एखादा उपास धरला म्हणूनही नाही. पण आवडीचं एकेक सुटत गेलं, दुसऱ्याला वाढून स्वतः खायचं नाही, सारखं वजन, सारखा आरसा, मैत्रिणी सुटल्या, अंग झाकणं, हे जमा व्हायला लागलं की तेव्हाच दाखवायचं असतं. वाळेपर्यंत थांबायचं नसतं. वाढत्या वयात वजन नुसतं जागेवर थांबलं तरी विचारायला हवं. नोव्हेंबरात तुम्ही आला होतात. मी केस बघितले, मुलगी नाही बघितली. मी भुकेचं टॉनिक दिलं."

"ते मैनाने घेतलं," हर्षाली म्हणाली.

"तेव्हाच मी मुलांच्या डॉक्टरकडे आणि मानसोपचारवाल्यांकडे पाठवायला हवं होतं. आता आधी हॉस्पिटल. ईसीजीची पट्टी, रक्तातले क्षार. मग मनाचे डॉक्टर, तिथेच येतील."

"मनाचे म्हंजे येड्याचे," बायडाबाई म्हणाली. "भाची माझी शानी हाय, लासलगाव विचारायला येतं तिला."

मीना उठून उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती नणंदेसमोर चढ्या आवाजात बोलली नव्हती, आणि आताही बोलली नाही. तिने टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि पॅकहाउसला लावला.

फेब्रुवारी म्हणजे हंगाम. तिकडे रंगनाथ एका कंटेनरला सील लावण्याच्या घाईत होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "संध्याकाळी येतोच आहे ना सत्काराला. तेव्हा बघू."

डॉक्टरांनी रिसीव्हर मागितला.

"तुमचा माल तोडल्यावर थंड करायला किती वेळ घेता?"

"चार-सहा तासांत आत गेला पाहिजे," रंगनाथ म्हणाला. मालाविषयी विचारलं की तो लगेच उत्तर देत असे.

"संध्याकाळपर्यंत शेडमध्ये ठेवला तर? वरून काय दिसतं?"

"वरून काहीच नाही. वरून ताजाच दिसतो. आधी देठ सुकतो. तिकडे पोचून पेटी उघडली की मणी गळतात सगळे."

"तुमच्या मुलीचा देठ सुकलाय."

तिकडे रंगनाथने कोणाला तरी पॅकिंगचा पट्टा थांबवायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"निघतो," रंगनाथ म्हणाला.

पॅकहाउसची जीप बाहेर गेली होती. रंगनाथ जे मिळालं त्यातून आला, म्हणजे द्राक्षांच्या थंड टेम्पोतून. दवाखान्याच्या दारात टेम्पो उभा राहिला तेव्हा त्यावर इंग्रजीत 'नाजूक, सांभाळून हाताळा' असं रंगवलेलं होतं. पॅकहाउसने ते हॉलंडसाठी रंगवलं होतं, सिडकोत कोणी वाचलं नाही.

याच वेळी, पुढे बसायला मिळावं म्हणून सकाळीच निघालेले लासलगावचे दोन ट्रक कॉलनीच्या तोंडाशी आले. सोबत बँड. बँडवाल्यांना अर्धी रक्कम आधी मिळाली होती आणि उरलेली वाजवल्यावर मिळणार होती, त्यामुळे त्यांना हर्षाली दिसल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली. सहादू फेटा बांधून पुढे आला.

"कुठं चाललात?"

"हॉस्पिटलला," मीना म्हणाली.

"तिथं सलाईन लावतील."

"लावतील. लागेल तेवढं, बघून."

"म्हणजे सोमवारी बाजार..." सहादू बारीक आवाजात बायडाबाईकडे वळला. "वहिनी, माझी आख्खी चाळ भरलीय."

मागून खरेदीवाल्या पक्षाने टाळ्या वाजवल्या.

रंगनाथ टेम्पोतून उतरला. त्याने मुलीकडे पाहिलं. रोज पहाटे जायचं आणि रात्री यायचं, त्यामुळे उजेडात त्याने तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. घडाकडे बघण्याची त्याची नजर आपोआप देठावर, म्हणजे तिच्या मानेवर गेली. तिला पुढच्या सीटवर चढवायला हात धरला आणि त्याची बोटं तिच्या दंडाभोवती फिरून एकमेकांना भेटली. त्याने हात घाईने सोडला, आणि मग पुन्हा धरला.

सील लावायचा राहिलेला कंटेनर पिंपळगावात तसाच उभा होता. हे कळल्यावर कॉलनीत लोकांना पहिल्यांदा वाटलं की प्रकरण गंभीर असावं.

टेम्पो निघाला. बँडही निघाला, कारण त्यांचे पैसे राहिले होते. त्यामागे दोन ट्रक निघाले, एक रडवेला आणि एक आनंदी. बायडाबाई शाल आणि श्रीफळ घेऊन रिक्षात बसली. अंबड लिंक रोडवर पोलिसाने ही वरात अडवून विचारलं, नवरी कुठाय. बायडाबाईने पुढच्या थंड टेम्पोकडे बोट दाखवलं. पोलिसाने जरा विचार केला आणि जाऊ दिलं.

हॉस्पिटलच्या फाटकावर रखवालदाराने बँडला आत सोडलं नाही. त्यांनी बाहेर उभं राहून राहिलेली गाणी पूर्ण केली. आत हर्षालीच्या छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढत होते तेव्हा खिडकीतून वरातीचं गाणं येत होतं, तेच, व्हीसीडीतलं. हर्षालीने डोळे मिटले.

"आई," ती म्हणाली. "ते बंद करायला सांग."

मीना स्वतः खाली गेली आणि बँडवाल्यांचे राहिलेले पैसे देऊन आली. परत आल्यावर हर्षालीने तिला रिमोटचं सांगितलं.

रात्री मुलांचे डॉक्टर म्हणाले की आता खायला घालायचं, पण हळूहळू. उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात आणि त्यानेही जीव जाऊ शकतो. रोज रक्त तपासून थोडं थोडं वाढवायचं. हे ऐकून मीनाने संध्याकाळी घरी जाऊन भरून आणलेला शिऱ्याचा डबा पलंगाखाली सरकवला. मग तो शिरा सहादूने खाल्ला. त्याला आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी मनाचे डॉक्टर आले. शांत गृहस्थ, खिशाला चार पेनं. त्यांनी आधी हर्षालीशी एकटीशी बोलून घेतलं आणि मग घरच्यांना समोर बसवलं.

"हिच्या आजारात तुमचा दोष शोधायचा नाहीये," ते म्हणाले. "पण आता काही नियम. जेवायला कोणीतरी सोबत बसायचं. ताटावरून भांडायचं नाही, पण ताट सोडायचंही नाही. आणि हिच्या अंगाबद्दल, वजनाबद्दल, किती खाल्लं याबद्दल एक शब्द नको. 'बारीक झालीस' नको. 'आता छान दिसतेस' तर अजिबात नको."

"मग बोलायचं काय?" बायडाबाईने मनापासून विचारलं.

"दुसरं काहीही."

हे त्या घराला सर्वांत अवघड गेलं. दुपारच्या जेवणाला सगळे पलंगाभोवती बसत. बायडाबाई तोंड उघडे, आठवून मिटे. रंगनाथच्या ओठांवर दोनच शब्द यायचे आणि ते दोन्ही आता बंद होते. असा बराच वेळ गेल्यावर बायडाबाई म्हणे, "पंखा कोनत्या कंपनीचा हाय?" आणि सगळे मान वर करून पंखा वाचत.

पण तिने एक केलं. एका सकाळी लवकर उठून ती देवळं फिरली. महादेव, गणपती, दत्त, देवी, मारुती, खंडोबा. प्रत्येकापुढे नारळ ठेवून तिने सांगितलं की भाचीचा उपास मागे घेतला आहे, हिशेब माझ्याकडे लावा. बुधाचं देऊळ सापडेना. शेवटी नवग्रहांच्या रांगेत तो मिळाला, तेलाने काळा पडलेला. बायडाबाईने त्याला नारळ दिला आणि वर माफीही मागितली, कारण त्याचा एकुलता एक भक्त जात होता.

हे तिने वॉर्डात येऊन सांगितलं तेव्हा हर्षाली पेल्यातलं दूध बघत बसली होती. नर्स शेजारी उभी होती. पेला अर्धा होता आणि तो अर्धा केव्हाचा तसाच होता.

"मला नाही होणार हे," हर्षाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खरंच नाही होणार."

"मी बसलेय," मीना म्हणाली. "भीती आहे ना, असू दे. भीतीसकट पी."

रंगनाथ उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने पंखा बजाजचा आहे असं म्हणाला.

इतक्यात सहादू आत आला. फेटा नव्हता. सोमवारपासून बाजार कसा चाललाय याचा त्याला काही अर्थ लागत नव्हता. मुलगी थोडं खात होती, थोडं ठेवत होती, आणि कांदा त्याच्या मनाने वर-खाली होत होता. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, पेल्याकडे बघितलं, आणि नियम आठवून घाम पुसला.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "खान्याचं नाही विचारत हां. फक्त... उद्या माल काढू का ठेवू?"

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. मे महिन्यानंतर कोणी तिच्या चेहऱ्यावर राग पाहिला नव्हता. आता तो सावकाश वर आला.

"काका, मला काय विचारता," ती म्हणाली. "लासलगावला जा. आणि व्हीसीडी घेऊन जा ती आमची. रिमोटसकट."

सहादूला काय झालं ते समजलं नाही. मग समजलं. तो ज्या पायाने आला त्याच पायाने दाराशी गेला, तिथे वळला आणि म्हणाला, "मी कपाट म्हनलो होतो. मला म्हनायला नको होतं." आणि निघून गेला.

मग हर्षालीने पेला उचलला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, रडली, दुसरा घेतला. बराच वेळ लागला. पेला रिकामा झाला तेव्हा नर्सने तो नेला आणि कोणीही काहीही म्हटलं नाही. बायडाबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून ठेवलं होतं.

त्या दिवशी बुधवार होता. हे आठवलं मीनाला, पण तिने तेही सांगितलं नाही.